पाण्याने न गळणारी बाटली शाम्पूने का गळते?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या प्रयोगशाळेत गंगापूर धरणाकडच्या एका होमस्टेच्या व्यवस्थापकांनी खोकंभर बाटल्या आणून ठेवल्या. ३० मिलीच्या, वर उघडमीट करणारं झाकण असलेल्या. पाहुण्यांच्या बॅगेत शाम्पू सांडतो, ही तक्रार. "मॅडम, झाकणंच खराब आली आहेत. पण गंमत बघा, पाणी भरून रात्रभर उलट्या ठेवल्या, एक थेंब गळला नाही."

या चाचणीने बरेच जण फसतात. शाम्पूतल्या फेसकारकांमुळे द्रवाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी होतो. ज्या फटीत पाणी अडकून राहतं, तिथून शाम्पू झिरपतो. त्याला रोखून धरतो तो त्याचा दाटपणा. म्हणून झाकण तपासायचं तर पाण्यात थोडा शाम्पू कालवून बाटली आडवी ठेवावी आणि हलकेच दाबून पाहावी.

आधी मूळ ५ लिटरच्या कॅनमधला शाम्पू आणि बाटलीतला शाम्पू शेजारी ठेवला. कॅनमधला चमच्यावरून संथ धारेने पडत होता, बाटलीतला सरळ ओघळत होता. एकाच कॅनचा माल, मग पाणी आलं कुठून? भरण्याची पद्धत विचारल्यावर उलगडा झाला. रिकाम्या बाटल्या बोअरच्या पाण्याने विसळायच्या, दोन झटके द्यायचे आणि लगेच भरायच्या. तळाशी दोन-तीन मिली पाणी राहतंच. शिवाय कॅन संपत आला की "वाया जायला नको" म्हणून त्यात तांब्याभर पाणी घालून हलवायचं.

शाम्पूचा दाटपणा फेसकारक आणि मीठ यांच्या ठरलेल्या प्रमाणावर टिकतो. त्यात पाणी घातलं की तो पाण्याच्या हिशेबात नाही, एकदम कोसळतो. झाकणं पूर्वीचीच होती, पातळ शाम्पूने फक्त त्यांची फट उघडी पाडली.

गळतीचा विषय इथे मिटला असता, पण दोन बाटल्यांना आंबूस वास येत होता. कॅनचा नमुना तपासणीत स्वच्छ निघाला. बाटल्यांच्या नमुन्यांतून मात्र जंतू वाढवून पाहायच्या सेट्रिमाइड अगारच्या प्लेटवर हिरवट छटेच्या वसाहती उगवल्या. पुढच्या चाचण्यांत स्यूडोमोनास पक्का झाला. हा पाण्यात वाढणारा जंतू, १ ग्रॅम मालात तो अजिबात सापडता कामा नये. झाकणाच्या बिजागरीखालच्या खाचेत आणि भरण्याच्या नरसाळ्यावरही तोच मिळाला. नरसाळं कायम पाण्याच्या बादलीत ठेवलेलं असे.

कॅनमधल्या शाम्पूत सोडियम बेंझोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह होतं, ते का कमी पडलं? बेंझोएट जंतूंना रोखतं ते आम्लाच्या रूपात. कॅनचा पीएच ५.१ होता, त्या पीएचला साधारण ११ टक्के बेंझोएट आम्लरूपात असतं. बोअरचं पाणी अल्कधर्मी. बाटलीत पीएच ५.४ भरला, म्हणजे हा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास आला. त्यात पाण्याने एकूण बेंझोएटही विरळ झालेलं. कामाला येणारा भाग निम्म्याहूनही खाली गेला.

मग सुचवलं ते असं. शक्यतो बाटल्या नव्या घ्याव्यात. जुन्याच वापरायच्या तर झाकण काढून गरम साबणपाण्याने धुवाव्यात, बिजागरीची खाच ब्रशने घासावी, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आत फिरवून ओतून टाकावं आणि बाटली-झाकण वेगवेगळं, उलटं ठेवून रात्रभर पूर्ण वाळवावं. अल्कोहोल नीट उडाल्याशिवाय भरू नये. नरसाळं आणि शाम्पू भरायचा हातपंपही तसंच धुऊन कोरडं ठेवावं. काठापर्यंत भरू नये, वर साधारण दहावा भाग रिकामा सोडावा, कारण उन्हात गाडीत ठेवल्यावर द्रव फुगतो. मऊ बाटली असेल तर झाकण लावताना हलकी दाबून आतली हवा कमी करावी. मुंबईहून कसारा घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो, विमानात तर त्याहून बराच. आत अडकलेली हवा फुगली की शाम्पू झाकणाकडे ढकलला जातो.

क्रीमबाबत सगळ्यात वाईट सवय म्हणजे ते ओतता यावं म्हणून गरम करणं. तेल-पाण्याचं मिश्रण त्याने फुटू शकतं, आणि गरम क्रीम भरून लगेच झाकण लावलं तर झाकणाच्या आत वाफेचे थेंब जमतात. ते थेंब क्रीमच्या पृष्ठभागावर पडले की तिथे प्रिझर्व्हेटिव्ह जवळजवळ नसलेलं पाणी साचतं, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. कोरड्या, स्वच्छ सिरिंजने थंडच भरावं.

निघताना व्यवस्थापकांनी विचारलं, "उरलेल्या बाटल्यांत वरून प्रिझर्व्हेटिव्ह घालून चालेल का?" नाही. झाकणाच्या खाचेत चिकट थर धरून बसलेल्या जंतूंपर्यंत ते पोहोचत नाही, आणि अंदाजाने जास्त घातलं तर त्वचेला त्रास होऊ शकतो. भरलेला सगळा माल टाकून द्यायला सांगितला. सीलबंद कॅन ठेवायला हरकत नव्हती.