तीन वाक्यांत सामना: दुसऱ्या वाक्याने जीव खाल्ला

मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात अर्धवेळ कामासाठी मी चाचणी दिली. नाव सांगत नाही, कारण राग अजून गेलेला नाही. काम दिसायला सोपं होतं. वानखेडेवरच्या एका सामन्याचा लांबलचक वृत्तांत द्यायचा आणि आपण त्याची तीन वाक्यं करायची. पहिल्यात धावफलक, दुसऱ्यात सामना कुठे फिरला ते, तिसऱ्यात कोण चमकलं. सामना होता ७ नोव्हेंबर २०२३ चा, विश्वचषकातला ऑस्ट्रेलिया विरुद्ध अफगाणिस्तान.

पहिलं वाक्य लगेच झालं: ऑस्ट्रेलियाने अफगाणिस्तानवर ३ गडी आणि १९ चेंडू राखून विजय मिळवला, अफगाणिस्तान ५ बाद २९१, ऑस्ट्रेलिया ४६.५ षटकांत ७ बाद २९३. जिंकणारा संघ आधी, मग फरक, मग दोन्ही धावसंख्या. वाचणाऱ्याला इतकंच हवं असतं. नाणेफेक, हवा, प्रेक्षक हे सगळं बिनधास्त उडवावं.

अडलं दुसऱ्या वाक्यापाशी. मी लिहिलं होतं की मॅक्सवेल ३३ धावांवर असताना नूर अहमदच्या गोलंदाजीवर मुजीबने त्याचा झेल सोडला आणि तिथे सामना फिरला. कागद परत आला. वर लाल शाईत एवढंच: "कलाटणी ७ बाद ९१ ला. दुरुस्त करा." तपासणारे गृहस्थ समोर येतच नव्हते. कागद बाहेरच्या टेबलावर ठेवायचा, निरोपाची वाट बघायची, आणि निरोप आला की तीच लाल ओळ वाचायची. का, हे विचारायची सोयच नाही. लोअर परळच्या त्या पायऱ्या उतरताना दर वेळी डोकं तापायचं.

मी मात्र ते बदललं नाही, कारण ७ बाद ९१ ही कलाटणी नाहीच. ती अवस्था आहे. त्या क्षणी अफगाणिस्तान जिंकत होता आणि पुढचा काही वेळही जिंकतच होता. कलाटणी म्हणजे ज्या घटनेआधी पारडं एका बाजूला होतं आणि नंतर दुसऱ्या बाजूला झुकू लागलं, ती घटना. मी वृत्तांतातली एकेक गोष्ट मनातल्या मनात काढून बघत गेलो. ती घडलीच नसती तर निकाल बदलला असता का? झेल पकडला गेला असता तर मॅक्सवेल ३३ वर तंबूत आणि ऑस्ट्रेलियाच्या हातात फक्त दोन गडी. म्हणजे हीच ती घटना.

वृत्तांतात आणखी एक मोहात पाडणारी गोष्ट होती. मॅक्सवेल २७ वर असताना त्याला पंचांनी पायचीत दिलं होतं आणि रिव्ह्यूमध्ये चेंडू यष्ट्यांवरून जातोय असं दिसल्याने तो वाचला. तीही कलाटणी का नाही? कारण तिथे चुकीचा निर्णय दुरुस्त झाला, तो मुळात बाद नव्हताच. झेल ही खरी हातातली संधी होती आणि ती सुटली. नंतर त्याच्या पायात गोळे आले, तो जागेवर उभा राहून मारत होता. हे वाचायला थरारक आहे, पण ती पराक्रमाची गोष्ट. ती तिसऱ्या वाक्यात बसली तर बसवावी.

शेवटी मी लाल ओळीतलं तेच ७ बाद ९१ घेतलं, पण पार्श्वभूमी म्हणून: "७ बाद ९१ अशा बिकट अवस्थेनंतर ३३ धावांवरील मॅक्सवेलचा झेल मुजीबने सोडला आणि पुढे मॅक्सवेल-कमिन्सने आठव्या गड्यासाठी अभेद्य २०२ धावा जोडल्या." अवस्था, घटना, परिणाम, याच क्रमाने. सोबत वेगळ्या चिठ्ठीवर वरचा सगळा युक्तिवाद लिहून दिला. या वेळी कागदावर लाल शाई नव्हती, फक्त सही. कारण तेव्हाही कोणी सांगितलं नाही, पण माझं वाक्य जसंच्या तसं राहिलं याचा मला आजही अभिमान वाटतो.

तिसऱ्या वाक्यात मॅक्सवेलच्या १२८ चेंडूंतल्या नाबाद २०१, कमिन्सच्या ६८ चेंडूंतल्या नाबाद १२ आणि इब्राहिम झादरानच्या नाबाद १२९ धावा घेतल्या. कमिन्सचे चेंडू लिहिले नाहीत तर त्याच्या १२ धावांना काही अर्थच उरत नाही. हरलेल्या संघातलं एक नाव हवंच, आणि झादरानचं ते शतक विश्वचषकातलं अफगाणिस्तानचं पहिलंच होतं.

हो, पहिल्या वाक्याबद्दल एक राहिलं. तिथे आकडे ताडून बघा: ४६.५ षटकं म्हणजे २८१ चेंडू, ३०० मधून गेले की १९. आणि रणजीचा अनिर्णित सामना हाती आला तर पहिल्या डावाची आघाडी कोणाला मिळाली ते पहिल्याच वाक्यात लिहा, कारण तिथे जास्त गुण त्यावरच मिळतात.