बातमी चांगली, पण घरात सांगायची कशी

काल आमच्या सीए फर्मने मला पार्टनर केलं. मेल संध्याकाळी आला, बीकेसीहून मुलुंडला येईपर्यंत आईला, बहिणीला, दोन मैत्रिणींना फोन झाले आणि नवऱ्याला सांगायचं मात्र घरी पोचल्यावर जेवण झाल्यावर म्हणून ठेवलं. हे मी मुद्दाम केलं, आणि केलं हे कळल्यावर जास्त वाईट वाटलं.

सांगितलं तर तो म्हणाला, "छान. पण आता ऑडिट रिपोर्टवर सही तुझी, यूडीआयएन तुझ्या नावाने निघणार, उद्या क्लायंटने घोटाळा केला तर एनएफआरए तुला धरेल, विचार केलायस का?" मग टीव्ही लावला.

यूडीआयएन म्हणजे सही केलेल्या रिपोर्टचा ओळख नंबर, आणि एनएफआरए म्हणजे ऑडिटर चुकला तर कारवाई करणारी सरकारी संस्था. गंमत म्हणजे यात एक शब्द चुकीचा नाही. तो पण सीए आहे, आम्ही आर्टिकलशिप एकाच ठिकाणी केली, तो माझ्याआधी फायनल सुटला आणि नंतर मला त्यानेच शिकवलं, कन्सॉलिडेशनची गणितं रात्री बारा-बारापर्यंत. आता तो एका कंपनीत अकाउंट्स मॅनेजर आहे आणि प्रमोशन दोनदा हुकलंय. म्हणून त्याच्याशी वाद पण घालता येत नाही, तो बरोबरच बोलतो ना! फक्त "कधी कळलं", "कोणी सुचवलं", "तू काय म्हणालीस" असलं काही विचारत नाही.

आणि हाच माणूस मी जानेवारीत हाफ मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा पहाटे स्टेशनवर सोडायला आला, फिनिशला उभा होता, मेडलचा फोटो फॅमिली ग्रुपवर त्यानेच टाकला. मग हा जळका आहे असं कसं म्हणू? आमची एक मैत्रीण समुपदेशक आहे, तिने अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञाचा १९८०च्या दशकातला सिद्धांत सांगितला. जवळच्या माणसाचं यश आपल्याला फारसं महत्त्वाचं नसलेल्या गोष्टीत असेल तर आपली पण मान ताठ होते, पण ज्या कामावर आपण स्वतःला मोजतो त्यातच तो पुढे गेला तर तेच यश टोचतं, आणि माणूस जितका जवळचा तितकं जास्त टोचतं. माझं पळणं त्याला लागत नाही. ऑडिट लागतं.

तिनेच शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामाबद्दल पण सांगितलं. चांगली बातमी ऐकल्यावर जोडीदार चार तऱ्हांनी वागतो, मनापासून विचारपूस करतो, किंवा नुसतं "छान" म्हणून थांबतो, किंवा विषय बदलतो, किंवा त्यातली खोट काढतो. २००६च्या अभ्यासात वाईट बातमीला मिळणाऱ्या आधारापेक्षा चांगल्या बातमीला मिळणाऱ्या प्रतिसादाचा नात्याच्या समाधानाशी जास्त संबंध दिसला. आमच्याकडे तीन तऱ्हा एका मिनिटात झाल्या. सासरे आजारी होते तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना काय धरून होतो, त्यामुळे मला वाटायचं आमचं पक्कं आहे.

खरी काळजी आणि टोचणं यातला फरक कसा ओळखायचा? मी माझ्यापुरतं असं बघते की काळजीवाला माणूस पुढचं विचारतो, विमा काढलाय का, फर्मचा क्वालिटी रिव्ह्यू कोण करतं, आणि एकटे असलो तरी विचारतो. टोचणारा चार लोक कौतुक करत असले की नेमका तेव्हाच बोलतो. दिवाळीला मामांसमोर "आमच्या मॅडमना आता घर म्हणजे लॉजिंग" हा जोक त्याने केला, सगळे हसले, मी पण हसले. अजून तरी त्याने माझं काम अडवलेलं नाही, महत्त्वाच्या मीटिंगच्या आदल्या रात्री भांडण उकरलं नाही, पगारावर नजर ठेवली नाही. तसं झालं तर मी हे समजून घेण्याच्या भानगडीत पडणार नाही.

आज सकाळी चहा घेताना बोललेच. जळतोस असं म्हटलं असतं तर तो "काहीतरीच काय" म्हणून आंघोळीला गेला असता, म्हणून फक्त कालचं सांगितलं, की मी बातमी सांगितली आणि तू एक पण प्रश्न विचारला नाहीस, दिवाळीचा जोक मला लागला, आणि आता तुला सांगायच्या आधी मी तुझा मूड बघायला लागलेय, हे मला नकोय. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अगं, तुला शिकवायचो तेव्हा मी कोण होतो ते मला माहीत होतं."

यावर काय बोलणार! मी म्हटलं मला तुझा आनंद पण हवाय, शिकवणी नको. तो म्हणाला बघू.

पुढच्या शनिवारी फर्मचं डिनर आहे, जोडीने बोलावलंय. येणार का विचारलं तर म्हणाला लोकल बघून सांगतो, शनिवारी रात्री! बघू काय सांगतो ते, मी मात्र जाणार, साडी इस्त्रीला दिलीय.