एका रुपयाने जास्त

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला. स्नेहसंमेलन, सहली आणि शिक्षकांचा मार यांवर लिहिणारे पुष्कळ असतील, म्हणून मी संचयिकेवर लिहायचं ठरवलं. आताच्या मुलांना संचयिका म्हणजे काय ते सांगावं लागेल. ती आपल्या शाळेतली मुलांची बचत बँक होती. रोखपाल आठवी-नववीतली मुलंच असत, वर एक बाई लक्ष ठेवत आणि प्रत्येकाला छोटं पासबुक मिळे. चार आणेसुद्धा जमा करता येत. माझ्या पासबुकात एकदा १९३ रुपये एकरकमी जमा झाले. ते १९४ का नाहीत, हीच खरी सांगण्यासारखी गोष्ट आहे.

१९९६ सालचा तान्हा पोळा होता. सकाळी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघून गेली होती. संध्याकाळी मी लाकडी बैल घेऊन महालातली आमची गल्ली फिरून आले. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, या दिवशी पोरं बैल सजवून घरोघरी जातात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. बोजारा म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. माझा बोजारा वर्षभर एका डालड्याच्या डब्यात पडलेल्या पैशांना जाऊन मिळे. डब्याच्या झाकणाला वडिलांनी छिन्नीने फट पाडली होती आणि कडेने डाख लावून झाकण बंद केलं होतं. नाणं आत जाई, बाहेर येत नसे. आत काय टाकलं ते मी एका वहीत लिहून ठेवी. ही सवय आजीची, कारण आजोबांच्या इतवारीतल्या धान्याच्या दुकानाचा गल्ला रोज रात्री तीच मोजत असे.

त्या रात्री डबा फोडला. आजीने जुनं लुगडं अंथरलं आणि त्यावर नाणी ओतली. तिची मोजायची पद्धत ठरलेली होती. पहिली थप्पी ती तोंडाने मोजे, आणि तीही धान्य मापताना म्हणतात तशी ‘लाभ’पासून: लाभ, दोन, तीन, करत दहापर्यंत. त्यानंतर ती मोजतच नसे. पहिल्या थप्पीशेजारी दुसरी रचायची, दोन्हींवर बोट आडवं ठेवायचं, बोट कुठे अडलं नाही की दहा झाले. दुकानात तिने वर्षानुवर्षं असंच केलं होतं. माझ्या बोटावर मोजण्यापेक्षा तिचा हात कितीतरी वेगाने चाले, हे मी कबूल करते.

अर्ध्या तासात लुगड्यावर चळती उभ्या राहिल्या. रुपयाच्या अकरा चळती आणि वर चार सुटे, म्हणजे ११४. दोनाच्या दोन चळती, ४० रुपये. आठ आण्यांच्या सहा, ३० रुपये. गेंडा असलेल्या चार आण्यांच्या चार, म्हणजे १० रुपये. पाचाचं नाणं माझ्यापर्यंत पोचतच नसे. बेरीज १९४. वहीत १९३.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “एक जास्तच आहे ना? मग कशाला डोकं लावता?”

आजी काही हलली नाही. “कमी असता तं समजली असती मी,” ती म्हणाली, “पोरगी एखांद्या वेळी लिवते आन टाकाची विसरते. जास्त कसा निघाला? डब्यात रुपया विऊन राहिला का?”

वडिलांना विचारलं, त्यांनी काही टाकलं नव्हतं. वहीची बेरीज पुन्हा केली, बरोबर होती. उरल्या फक्त चळती.

इथून पुढचं मला आजही आवडतं, कारण आजीने सगळं पुन्हा मोजायला घेतलं नाही. तिने आधी विचारलं, चूक किती आहे? पुरा एक रुपया. मग चार आण्यांच्या चळतींकडे बघायचं नाही, कारण तिथे एक नाणं इकडचं तिकडे झालं तर फरक चार आण्यांचा पडतो. आठ आण्यांत आठ आण्यांचा. एकाच जागी एकच नाणं चुकलं असं धरलं, तर गडबड रुपयांत नाहीतर दोनात.

दुसरं, चूक कुठल्या बाजूची? आमची मोजणी खऱ्यापेक्षा जास्त येत होती. म्हणजे दहा म्हणून धरलेल्या कुठल्यातरी रुपयाच्या चळतीत नऊच होते, किंवा दोनाच्या चळतीत एक रुपया दोन रुपये बनून बसला होता. दोनाचं नाणं रुपयात शिरलं असतं तर मोजणी उलट कमी आली असती. तेलकट होऊन दोन नाणी चिकटली आणि एकच धरली गेली, तरी कमीच. एवढ्यात निम्मे संशयित सुटले.

दोनाच्या चळतींवर संशय घ्यायला जागा होती. तेव्हा चलनात असलेलं दोनाचं नाणं आणि ऐंशीच्या दशकात आलेला रुपया, दोन्ही २६ मिलिमीटर रुंद आणि ६ ग्रॅम वजनाचे, रंगही तोच. फरक कडेला. दोनाला अकरा कोपरे, रुपया गोल. आजीने दोन्ही चळतींच्या कडेवरून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला. मलाही फिरवायला लावला. कोपरे सगळीकडे लागत होते, गोल कड कुठेच नाही. दोन रुपये सुटले.

आता रुपयाच्या अकरा चळती. आजीने माझी फूटपट्टी घेतली आणि सगळ्यांच्या डोक्यावरून आडवी ठेवली. पट्टी कुठे डगमगली नाही. अकराच्या अकरा सारख्या उंचीच्या. मी म्हटलं, “आजी, सगळ्या बरोबर आहेत. वहीच चुकली असेल.”

“वही बेरजेची हाय, ते नाई चुकत. थप्प्याच पाह्य.”

मी एकेक चळत हातात घेऊन मोजू लागले. दहा, दहा, दहा. शेवटी राहिली ती टोकाची रुंद चळत. तीत जुने मोठे रुपये होते, १९७५ ते ८२ च्या दरम्यानचे, २८ मिलिमीटरचे. रचताना ते इतरांच्या बाहेर येतात म्हणून आजीनेच त्यांची वेगळी थप्पी लावली होती. मोजले, नऊ निघाले. पुन्हा मोजले, नऊच.

आजीने माझ्या हातातून चळत घेतली आणि शेजारच्या नव्या रुपयांच्या चळतीला लावली. उंची सारखी. मग तिने एक जुना रुपया आणि एक नवा रुपया चिमटीत धरून दिव्याकडे केले. नवा स्टीलचा, कणीस असलेला, २५ मिलिमीटरचा, हाताला पातळ लागणारा. जुना नुसता रुंद नव्हता, जाडही होता. नऊ जाड आणि दहा पातळ एका उंचीला आले होते, आणि आडव्या बोटाला ते कळण्याचा काही मार्गच नव्हता.

गंमत अशी की तिने रुंदीवरून ते वेगळे काढले आणि त्यानंतर उंची मात्र पातळ नाण्यांच्या चळतीशी जुळवली. दुकानात एका जातीची नाणी एकत्र ठेवल्यावर ही पद्धत कधी दगा देत नव्हती. आमच्या डब्यात मात्र तीन काळातले रुपये एकत्र आले होते: मोठा, मधला आणि नवा. प्रत्येक जातीसाठी पहिली थप्पी पुन्हा तोंडाने मोजायला हवी होती. हे तिनेच सांगितलं, थोडं चिडून. “ज्याची थप्पी त्याच्याशीच लावा लागते. मी का बाप्पा त्यायच्याशी लावली.”

पुढे मी बँकेत रोखपाल झाले, तेव्हा लोक मला विचारत की चिल्लर वजन करून का नाही घेत, कशाला मोजत बसता? मी त्यांना याच रुपयांचा हिशेब सांगायची. नवा रुपया ४.८५ ग्रॅमचा, दहांचे साडेअठ्ठेचाळीस ग्रॅम होतात. जुना मोठा ८ ग्रॅमचा, सहांचे अठ्ठेचाळीस. किराणा दुकानाच्या तराजूत सहा जुने आणि दहा नवे सारखेच उतरतील, आणि चार रुपयांचा घोळ कोणाच्या लक्षात येणार नाही. उलट एकाच जातीची नाणी असली की वजन उंचीपेक्षा भरवशाचं. आजीची ती नऊची चळत तराजूत ७२ ग्रॅम भरली असती, दहा असते तर ८०. एवढा फरक साध्या काट्यावरही दिसतो, पण पातळ नाण्यांच्या शेजारी फूटपट्टीखाली एक नाणं लपून जातं. सुटी नाणी जास्त आली की मी आजही आधी जाती लावते. ओळीतले लोक वैतागतात, वैतागू देत.

त्या रात्री आजीने नऊ मोठे रुपये वेगळ्या पुडीत बांधले आणि वर माझ्याकडून ‘९’ लिहून घेतलं. गणपतीआधी शाळा उघडी होती, त्या दिवशी ती माझ्यासोबत आली. एवढे पैसे पोरीच्या एकटीच्या हाती द्यायला ती तयार नव्हती. मधल्या सुट्टीत जिन्याखाली संचयिकेचं टेबल लागे. रोखपाल नववीतला एक मुलगा होता, फार ऐटीत बसायचा. त्याने पिशवी रिकामी केली, पुडीही सोडली, सगळे रुपये एकत्र केले आणि एक चळत दहाची मोजून बाकीच्या तिच्याशी पट्टीने जुळवायला लागला. त्याला संचयिकेत तसंच शिकवलं असावं.

आजी टेबलाशी वाकली. पट्टी काढून घेतली.

“बाप्पू, अगुदर मोठे येगळे कर.”

त्याने बाईंकडे पाहिलं. बाई हसू दाबत म्हणाल्या, “कर बाबा, त्या सांगताहेत तर कर.” त्याने नाराजीने मोठे रुपये निवडले. आजीने ते त्याच्यासमोर एकेक करून मोजून ठेवले, लाभपासून नऊपर्यंत, आणि मगच पासबुकात १९३ लिहू दिलं. बाईंनी सही केली. आजीला सही वाचता येत नव्हती, तरी तिने पासबुक डोळ्यांजवळ नेऊन आकडा पाहून घेतला.