बहीण काय करते?

पाटोदा मागे पडलं त्या दुपारी डाव्या टाचेवरचा फोड लिंबाएवढा झाला होता. पैठणहून निघाल्याला किती दिवस झाले, याचा हिशेब तोवर सुटला होता. काकडा, चाल, विसावा, हरिपाठ, कीर्तन, झोप. एक दिवस दुसऱ्यात मिसळून गेलेला. नाथांची पालखी पुढे निघून गेली आणि मी दिंडीच्या मागे मागे पडत गेलो. चीड येत होती. टाचेची, उन्हाची आणि माझ्या शेजारी न थांबता बोलत चालणाऱ्या एका माळकऱ्याचीसुद्धा.

रस्त्याकडेला एका पत्र्याच्या घरापुढं बाई उभी होती. साठीची असेल. माझं लंगडणं बघून म्हणाली, "बस लेकरा, पाय दाव." मी "नको माय, चालतो" म्हटलं. "कशाला लाजायलास? बस म्हणते ना." तिनं चुलीवरचं पाणी घमेल्यात ओतलं, मूठभर खडेमीठ टाकलं आणि माझे दोन्ही पाय स्वतःच्या हातानं त्यात बुडवले. मी पाय ओढायला लागलो तर घोटा धरून ठेवला. मग सुई जाळावर धरली, काळा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला. दोरा दोन्हीकडं बोटभर ठेवून कापला. "दोरा काढू नको. पाणी त्याच्यावाटे झिरपतंय. कातडं सोलू नको." पदरानं पाय पुसले. मी पाया पडायला वाकलो तर तीच आधी माझ्या पाया पडली. वारीत हे होतं, तरी मला ते सहन झालं नाही. मी काही न बोलता निघालो.

मुक्काम तिच्याच गावात होता, शाळेच्या पटांगणात. रात्री नऊला कीर्तन. मी टाळकरी. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा. मृदंगाचार्य वैतागले होते. हवेत ओल धरली की पुडीचं चामडं सैल पडतं, गठ्ठे ठोकून वर आणलेला सूर घटकाभरात खाली येतो. डाव्या पुडीवर लावलेली कणीकही त्यांनी दोनदा काढून नव्यानं लावली.

'जय जय रामकृष्ण हरी' झालं, रूपाचा अभंग झाला, आणि महाराजांनी सेवेला नाथांचा अभंग घेतला: 'माझे माहेर पंढरी । आहे भीवरेचे तीरी'. पाच चरणांचा, लहान. पुढचे दोन तास याच पाच चरणांवर. वारकरी कीर्तनात नारदीय कीर्तनासारखे पूर्वरंग नि उत्तररंग असे दोन भाग आणि वेगळं आख्यान नसतं. कथा यायची ती अभंगाच्या एखाद्या शब्दातून येते आणि परत ध्रुपदावर आणून सोडावी लागते.

या अभंगाची मोडणी गाताना नीट कळते. पहिल्या चरणात आठ-आठ अक्षरं. दुसऱ्यात 'बाप आणि आई' ही सहाच, आणि 'माझी विठ्ठल रखुमाई' ही नऊ. कागदावर हिशेब चुकल्यासारखा वाटतो. गाताना 'आई'मधला ई लांबतो, त्यात उरलेली जागा भरते आणि 'माझी' जरा घाईनं येते. अभंगात अक्षरं मोजतात. त्यांची लांबी गाणाऱ्याच्या गळ्यात ठरते.

माझी चूक तिथंच झाली. महाराज 'बाप आणि आई...' म्हणून थांबले आणि मी जोरात 'माझी विठ्ठल' उचललं. दोघं-चौघं माझ्यामागं आले, बाकीचे नाही. महाराजांनी मागं न बघता हात खाली केला. मला घाम फुटला. खूण साधी आहे. महाराजांची मान अर्धी मागं वळली तर ओळ टाळकऱ्यांची. ते समोर बघत असले आणि तळहात लोकांकडं उघडा असला तर ओळ लोकांची, आपण गप्प राहायचं. तळहात उघडा होता. मी बघितला नव्हता. कर्ण्यांमुळंही गोंधळ होत होता. पटांगणाच्या टोकाला झाडावर बांधलेल्या कर्ण्यातून आपलाच टाळ किंचित मागे राहून परत ऐकू यायचा आणि लय कुणाची धरावी ते कळायचं नाही.

पुंडलिकाची विटेची कथा चालू असताना वीज गेली. कर्णे बंद. वैताग आला, अजून तासभर कीर्तन बाकी होतं. पण लोक उठले नाहीत, सतरंज्या ओढत पुढं सरकले. कुणी मोबाईलचा उजेड धरला, तो महाराजांनी हातानंच बंद करायला सांगितला. समोरच्या समईत फक्त त्यांचा फेटा आणि विणेकऱ्याची बोटं दिसत होती. तो परत येणारा टाळ आता नव्हता. मृदंगाची थाप थेट छातीला लागत होती.

महाराजांनी चौथा चरण म्हटला, 'माझी बहीण चंद्रभागा', आणि थांबले. तळहात समोर. या वेळी मी टाळ छातीशी दाबून धरले. ते बायकांकडं वळून म्हणाले, "मायबाप, माहेरी गेल्यावर बहीण काय करते?"

कुणी बोलेना. महाराजांनी घाई केली नाही. चार-पाच श्वास गेले असतील. मग अंधारातून आवाज आला, "न्हाऊ घालते."

आवाज मी ओळखला.

महाराज गप्प. मग अगदी हळू, गाता गाता नव्हे, बोलल्यासारखं म्हणाले, "न्हाऊ घालते. सासरचा सगळा शिणवटा डोक्यावरून पाणी घालून उतरवते." आणि मान मागं वळवली. आम्ही सगळ्यांनी एका दमात उचललं, 'करितसे पापभंगा'. शेकडो वेळा म्हटलेली ओळ. पापभंग म्हणजे बहिणीनं घातलेलं न्हाणं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. बायका रडत होत्या. मृदंगाचार्यांनी लय वाढवली नाही, ठाय लयीतच ध्रुपद कितीतरी वेळ चालू ठेवलं. माझ्या टाचेतला दोरा ओला लागत होता.

पाचवा चरण, गजर, 'हेचि दान', आरती. लोक पांगले. मी तिला शोधलं, दिसली नाही.

सकाळी चालताना मी महाराजांजवळ गेलो, रात्रीच्या चुकीबद्दल माफी मागितली. त्यांनी ती ऐकून सोडून दिली. म्हणाले, "मी तिथं ज्ञानोबांच्या वचनाचं प्रमाण काढणार होतो. तोंडावर आलं होतं. पण त्या माउलीनं दिलं ते माझ्याजवळ नव्हतं." मग म्हणाले, काही गावांत कुणीच बोलत नाही, तेव्हा पाठ केलेलं प्रमाण द्यावंच लागतं. पण आधी थांबून बघायचं. थांबायची भीती वाटते म्हणून बरेच जण विनोद सांगतात. सुनांवरचे, मोबाईलवरचे. ते सांगितल्याबरोबर लोक हसतात आणि अभंग हातातून जातो. हे ऐकून मला आदल्या आठवड्यातलं एक कीर्तन आठवलं आणि पुन्हा संताप आला. दीड तास हसवणूक, आणि चरण गायले दोनच.

परंडा गेलं, बाकीचेही मुक्काम गेले. पंढरपूर जवळ आल्यावर महाराजांनी तोच अभंग पुन्हा घेतला. चौथ्या चरणाला तोच प्रश्न विचारला. तळहात समोर, शांतता. मागून एक म्हातारा खणखणीत आवाजात म्हणाला, "भांडते!"

सगळं पटांगण हसलं. मला वाटलं, आता गेलं. महाराजही हसले, हसू ओसरेपर्यंत थांबले, आणि म्हातारबाबाकडं बघत म्हणाले, "भांडते. चंद्रभागा भांडतेच. आषाढात पाणी चढलं की वाळवंटात उभं राहू देत नाही, ढकलून देते. मग बाबा, आपण रुसून परत जातो का?"

"न्हाई जात," म्हातारा म्हणाला.

महाराजांची मान मागं वळली.