तुम्ही विचारलंत म्हणून: रुपयाला किती प्रथिने

“काकू, सोयाबीनच्या वड्या एवढ्या स्वस्त आणि त्यांत प्रथिने एवढी भरपूर, मग अंड्यांवर आणि दुधावर पैसे कशाला घालवायचे?”

मला हिशेब येत नाही असे गृहीत धरूनच हे विचारले जाते, म्हणून आधी हिशेबच मांडते. खाणावळीसाठी मी सुट्ट्या वड्या १२० रुपये किलोने घेते आणि १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत साधारण ५२ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे रुपयाला सव्वाचार ग्रॅमहून थोडी अधिक. शेंगदाणे १४० रुपये किलो आणि तूरडाळ १३० रुपये किलो धरली, तर दोन्हींत रुपयाला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मिळतात. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे रुपयाला एक ग्रॅमही नाही, आणि ५८ रुपये लिटरच्या गाईच्या दुधात तर जेमतेम अर्धा ग्रॅम. हा तक्ता मी स्वतःच तयार करून गल्ल्याशेजारी लावला होता. तो चूक नव्हता आणि आजही नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा माझ्याकडे जेवत असे. सकाळी दोन उकडलेली अंडी आणि रात्री अर्धा लिटर दूध तो बाहेरून घेई. तक्ता दाखवून मीच त्याला म्हणाले, “अरे, रोजचे ४३ रुपये कशाला उडवतोस? रात्री वड्यांच्या भाजीचा एक डाव जास्त घेत जा, मी वेगळे पैसे लावणार नाही.” त्याने दोन्ही बंद केले. माझा डाव भरून साठ ग्रॅम वड्या येतात, त्यांत ३१ ग्रॅम प्रथिने, आणि अंडी-दुधातून त्याला मिळत होती २८. असा आमचा दोघांचा समज होता. दोन महिन्यांनी तो खोलीतल्या मित्राचा छोटा वजनकाटा घेऊन आला. त्याचे वजन अडीच किलो उतरले होते आणि शेवटच्या फेरीत पाय ओढत नव्हते. त्याने न बोलता १०० ग्रॅम कोरड्या वड्या माझ्याच पातेल्यातल्या गरम पाण्यात भिजवल्या, दोन-तीनदा घट्ट पिळल्या आणि काट्यावर ठेवल्या. काटा २८८ वर थांबला. म्हणजे भिजलेल्या शंभर ग्रॅममध्ये फक्त १८ ग्रॅम प्रथिने, आणि माझ्या डावात अकरासुद्धा पुरती नाहीत.

मी लगेच म्हटले की त्याने पळणेही वाढवले होते, आणि ते खरेच होते. वजन एवढ्यामुळेच उतरले असे मी आजही म्हणणार नाही. पण २८च्या जागी अकरा ग्रॅम त्याला माझ्या शब्दावर मिळत होती, हेही तितकेच खरे. आपण पैसे कोरड्या वजनाचे मोजतो आणि ताटात ओले वजन वाढतो. रुपयाचा हिशेब पाण्याने बिघडत नाही, वाटीचा बिघडतो. अंड्याचे आणि दुधाचे आकडे मात्र जसे खातो तसेच असतात. तिथे फसायला जागा नाही.

वरणाचेही तेच आहे. २५ ग्रॅम प्रथिनांसाठी सुमारे ११५ ग्रॅम कोरडी डाळ लागते. माझ्या एका वाटी वरणात वीस ग्रॅम डाळ असते, म्हणजे पाच-सहा वाट्या झाल्या. तेवढी प्रथिने शेंगदाण्यांतून घ्यायची तर शंभर ग्रॅम दाणे खावे लागतात आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ पन्नास ग्रॅम तेलही पोटात जाते. शिवाय लायसिन हा प्रथिनांतला एक आवश्यक घटक पोळीत कमी आणि दाण्यातही कमी, त्यामुळे दाण्याच्या चटणीने पोळीची ती उणीव भरत नाही. ती डाळीने भरते. अंडी, दूध आणि सोयाबीन यांना अशा जोडीची तितकी गरज पडत नाही.

मग वड्याच वाढवाव्यात, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होते. २५ ग्रॅम प्रथिनांना कोरड्या पन्नास ग्रॅम वड्या लागतात, खर्च सहा रुपये. अंडी चार लागतील, म्हणजे २८ रुपये. पण त्या पन्नास ग्रॅमच्या भिजून सुमारे १४५ ग्रॅम होतात, म्हणजे माझे जवळजवळ अडीच डाव. पहिल्या आठवड्यात मुलांनी ते संपवले, दुसऱ्यात पोट फुगल्याच्या तक्रारी आल्या आणि तिसऱ्यात खरकट्याच्या बादलीत रस्सा शोषून टम्म झालेल्या वड्या तरंगू लागल्या. बादलीतल्या प्रथिनांचा भाव रुपयाला किती धरायचा, हे माझ्या तक्त्यात नव्हते.

सध्या आठवड्यातून तीनदा वड्या असतात, त्याही कोरड्या मोजून, माणशी तीस ग्रॅम. अंडे सात रुपयांनाच देते, त्यावर नफा घेत नाही. तक्ता अजून तिथेच आहे. त्या मुलाने खाली पेनाने “कोरडे वजन” असे लिहून ठेवले आहे, आणि मुले तेवढेच सोडून बाकी सगळे वाचतात.