६५ मीटरच्या धुराड्यावर चार दिवस: भेगा, ढासळलेलं अस्तर आणि ‘दसऱ्याला पेटवू का?’

मे महिन्यात दक्षिण महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यावर धुराड्याच्या तपासणीला गेलो होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. गळीत हंगाम संपला होता, बॉयलर थंड होता आणि आवारात ओव्हरहॉलिंगची ठोकाठोक चालू होती. आरसीसी चिमणी, उंची ६५ मीटर, खाली व्यास ५ मीटर, वर साधारण सव्वातीन मीटर. आत विटांचं अस्तर. ते एकसंध नाही. दर १० मीटरवर काँक्रीटचा टोडा बाहेर काढलेला आणि त्यावर त्या-त्या मजल्याच्या विटा बसवलेल्या. विटा आणि काँक्रीटच्या मध्ये १०० मिलिमीटरची हवेची पोकळी. चीफ इंजिनिअर साहेबांनी चहाचा कप हातात देतानाच विचारलं, “दसऱ्याला बॉयलर पेटवू ना?” सगळी तपासणी या एका प्रश्नासाठीच होती.

खरं तर ही माझी दुसरी खेप. पहिली मार्चमध्ये, कारखाना चालू असताना, आणि तुमच्यापैकी कुणी असं काम घेणार असेल तर ती खेप चुकवू नका. थंड चिमणी फक्त भेगा दाखवते, चालू चिमणी त्यांचं कारणही दाखवते. थर्मल कॅमेऱ्यानं फोटो काढायचे ते सूर्योदयाच्या आधी. एकदा ऊन पडलं की पूर्वेची बाजू तापते आणि कॅमेऱ्यात सूर्यच दिसतो. त्या पहाटे चिमणीचा पृष्ठभाग सगळीकडे २८-२९ अंश होता. वायव्य बाजूला, मध्याच्या जरा वर, एक पट्टा मात्र ४१ अंश दाखवत होता.

कॅमेऱ्याआधी हे ज्यांना ठाऊक होतं ते बॉयलर हाउसचे एक जुने फिटर, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते म्हणाले, “साहेब, थंडीत दव पडतं तेव्हा सकाळी अख्खी चिमणी ओली असते. तेवढाच तुकडा कोरडा राहतो. दोन वर्षं झाली बघा.” लाखभर रुपयांच्या यंत्राचं निदान मामांनी चहा पिता पिता आधीच करून ठेवलं होतं. जिथे जाल तिथे आधी अशा माणसाला गाठा.

मेच्या खेपेतला पहिला दिवस मधमाश्यांनी खाल्ला. वरच्या प्लॅटफॉर्मखाली आग्या मोहोळाची दोन पोळी लटकत होती. दुर्बिणीतून नीट पाहिल्याशिवाय शिडीला हात लावू नका. ६० मीटरवर माश्या उठल्या तर पळायला जागा नसते. रात्री जाणकारांनी पोळी हलवली. दुसरी गोष्ट वळवाची. दुपारनंतर ढग भरून येतात आणि आसपासचं सगळ्यात उंच टोक म्हणजे आपणच. आम्ही सहाला चढायचो आणि साडेअकराला खाली असायचो. दोन हुकांचा फुल बॉडी हार्नेस, एक हुक नेहमी अडकलेला.

आधी चिमणी सरळ आहे का ते पाहिलं. हेही पहाटेच, कारण उन्हात एक बाजू प्रसरण पावते आणि माथा सावलीच्या बाजूला झुकतो. दुपारी मोजलं तर नसलेला कल सापडतो. टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावर माथ्याचा कल ६० मिलिमीटर आला, म्हणजे उंचीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. पायाबद्दल तक्रार नव्हती.

बाहेरून दिसलेल्या भेगा तीन जातींच्या होत्या. सव्वा-सव्वा मीटरवर आडव्या, अख्ख्या घेराला वळसा घालणाऱ्या रेषा होत्या. ते बांधकामाच्या टप्प्यांचे सांधे. नवीन माणूस त्यांनाच घाबरतो. सांध्यातून गंज ओघळलेला नसेल आणि हातोडीचा आवाज खणखणीत येत असेल तर नोंद करून पुढे जायचं. दुसऱ्या जातीच्या केसासारख्या उभ्या भेगा, ०.२ ते ०.३ मिलिमीटर. आतून गरम, बाहेरून गार अशा भिंतीची बाहेरची कातडी ताणली जाते, त्यातून त्या येतात. जुन्या चिमणीवर त्या नसत्या तर मला नवल वाटलं असतं. तिसरी मात्र एकटीच होती: ३१ ते ३७ मीटरमध्ये उभी, रुंदी १.२ मिलिमीटर, कडेला तपकिरी ओघळ, आणि दोन्ही बाजूंना हातभर अंतरापर्यंत हातोडीचा आवाज पोकळ. वायव्य बाजू. मामांचा कोरडा तुकडा.

आत जाण्याआधी धूर ओढणाऱ्या आयडी फॅनला कुलूप, धुराची वाट अडवणाऱ्या डँपरच्या जागी पत्र्याची ब्लँक, आणि गॅस मीटरवर प्राणवायू व कार्बन मोनॉक्साइडची तपासणी, हे सगळं लेखी परवान्यासह. १९४८ च्या कारखाना कायद्याचं ३६ वं कलम अशा जागांसाठीच होतं. पण वायूपेक्षा मोठी भीती वरून सुटणाऱ्या विटेची. म्हणून खालच्या दारातून कुणीही आत पाऊल टाकायचं नाही. आधी माथ्यावरून दिवा आणि कॅमेरा दोरीला बांधून सोडायचा. आम्ही सोडला. खालच्या राखेत विटांचे तुकडे पडलेले दिसलेच होते, कॅमेऱ्यात त्यांची मूळ जागा दिसली: दोन टोड्यांच्या मधल्या भागात दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच खिंडार, आणि त्याच्या कडेच्या विटा आत फुगून आलेल्या. मग दोरीवर काम करणारे दोघे माथ्यावरून पाळण्यात उतरले आणि सुट्या विटा त्यांनी आधी काढून घेतल्या.

इथे मी एक चूक केली, ती सांगतो. आतल्या खिंडाराची उंची मी राखेच्या हॉपरच्या फरशीपासून मोजली आणि बाहेरची भेग जमिनीपासून. फरशी जमिनीपेक्षा तीन मीटर वर. कागदावर खिंडार ३२ मीटरवर आलं आणि भेगेचा सगळ्यात रुंद भाग ३५ वर. त्या रात्री मी ‘भेगेचा अस्तराशी संबंध दिसत नाही’ असं वाक्य कच्च्या टिपणात लिहूनही टाकलं होतं. सकाळी शिडी चढताना पायऱ्या मोजल्या आणि लक्षात आलं. तेव्हापासून नियम असा: आत-बाहेर दोन्हीकडे शून्य एकच, दिशेसाठी शिडी म्हणजे शून्य अंश, तिथून घड्याळाच्या दिशेनं. चिमणी कापून सपाट पसरली आहे असा एकच नकाशा काढायचा आणि आतलं नुकसान लाल, बाहेरचं निळं, त्याच कागदावर. दोन रंग एकमेकांवर बसले की निम्मं निदान झालेलं असतं.

कारणाचा माग मग सोपा होता. ही चिमणी बांधली तेव्हा बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा धूर १६०-१७० अंशांना आत यायचा, म्हणजे कोरडा. काही वर्षांपूर्वी राख पकडायला धूर पाण्यानं धुणारा वेट स्क्रबर बसवला. आता धूर ६५ अंशांना, पाण्याच्या वाफेनं भरलेला येतो आणि अस्तरावर घाम सुटतो. शिवाय मधल्या दोन ऑफ सीझनमध्ये वीज विकण्यासाठी कोळसा जाळला. त्यातलं गंधक त्या घामात उतरलं. टोड्यावर साचलेल्या ओल्या पांढऱ्या थराला पीएच पट्टी लावली, ३ आली, म्हणजे चांगलंच आम्ल. अस्तराच्या विटा उष्णतारोधक होत्या, पण सांधे साध्या सिमेंटचे. उष्णता सोसणं आणि आम्ल सोसणं हे दोन वेगळे गुण आहेत. सांधे विरघळले, विटा फुगल्या, पडल्या, आणि ओला आम्लधूर पोकळीतून थेट काँक्रीटवर येऊन बसला.

भेगेपाशी सळईवरचं काँक्रीटचं कव्हर फोडून पाहिलं. ताज्या फुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारायचं. जिथे गुलाबी होतं तिथे काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय. भेगेपासून दूर गुलाबी रंग ३० मिलिमीटर खोलीवर सुरू झाला आणि सळई ५० वर, म्हणजे ठीक. भेगेत मात्र सळईपर्यंत रंगच नाही. गंज घासून कॅलिपर लावला: आडव्या १० मिलिमीटरच्या कड्या ८.४ उरल्या होत्या, उभ्या १६ च्या सळया १५.२. फरक छोटा दिसतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं घटतं. कड्यांचं जवळजवळ २९ टक्के पोलाद गेलं होतं, उभ्यांचं १० टक्क्यांच्या आत.

निर्णय या दोन आकड्यांवर फिरला. वाऱ्यात चिमणी उभी ठेवतात त्या उभ्या सळया. आडव्या कड्या तापमानाचा ताण आवरतात. उभी भेग कड्यांना उघडं पाडते. ही भेग आडवी असती आणि तिच्यातून गंज गळत असता तर मी त्याच दिवशी आजूबाजूचा परिसर रिकामा करायला सांगितलं असतं. इथे संरचना अभियंत्यानं उरलेलं पोलाद धरून काँक्रीटच्या चिमण्यांचं मानक आयएस ४९९८ आणि वाऱ्याचं आयएस ८७५ भाग ३ यांप्रमाणे हिशेब पुन्हा केला. ती पातळी वारा पेलते असं उत्तर आलं.

म्हणजे पडायची भीती नाही. पण पेटवायची परवानगीही मी दिली नाही, आणि यावर साहेबांशी तासभर वाद झाला. त्यांचं म्हणणं, भेगेत इपॉक्सी भरा, अस्तर पुढच्या वर्षी पाहू. माझं म्हणणं, आत आम्लधूर चालू राहिला तर इपॉक्सीनं बंद केलेल्या भेगेशेजारी दुसरी उघडते, आणि या हंगामात गंज उभ्या सळयांकडे वळतो. मी विचारलं, वरून वीट सुटली आणि खाली हॉपरमध्ये साफसफाईवाला असेल तर? त्यावर ते गप्प झाले.

टिपणात शेवटी असं लिहिलं: ३० ते ४० मीटरमधलं अस्तर पूर्ण उतरवून आम्लरोधक विटा आणि पोटॅशियम सिलिकेटच्या मॉर्टरमध्ये नव्यानं बांधल्याशिवाय बॉयलर पेटवू नये. अस्तर झाल्यावर भेगेजवळचं पोकळ काँक्रीट काढावं, कड्यांना जोड द्यावा, पॉलिमर मॉर्टर भरावं. उरलेली चिमणी एका हंगामासाठी, पुढच्या एप्रिलपर्यंत चालवता येईल. ऑफ सीझनला कोळसा नाही. नुसतं ‘सुरक्षित’ असं कधी लिहू नका. त्या शब्दाला तारीख आणि अट नसेल तर तो कागद दहा वर्षं फाइलमधून बाहेर काढून दाखवला जातो.

हंगामात लगेच थांबायच्या खुणाही टिपणात आहेत: खालच्या राखेत नवीन विटेचा तुकडा दिसणं, भेगेच्या टोकाशी तारीख घालून मारलेल्या खुणेपलीकडे भेग सरकणं, किंवा दवाच्या सकाळी कोरडा पट्टा पुन्हा उमटणं. शेवटची खूण पाहायचं काम मामांकडे दिलं आहे. त्यांनी फक्त एक विचारलं, “फोटो काढून पाठवू की नुसतं सांगू?” मी म्हटलं, दोन्ही.

विटांची ऑर्डर जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली. जानेवारीत, पहाटेच्या दवात, मी पुन्हा जाणार आहे.