बाबांच्या वह्या आणि दर तिसरा बुधवार

बाबा गेल्यावर दवाखान्याचं कपाट उघडलं तर तीसेक वह्या निघाल्या. डिचोलीत आयुष्यभर जनरल प्रॅक्टिस, कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, आला पेशंट की एक ओळ लिहायची आणि पुढचा आत बोलवायचा. मी डॉक्टर नाही, अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे पहिल्याच वहीत कळलं की ही नुसती रोजकीर्द आहे, खतावणी कुणी केलेलीच नाही. म्हणजे एका पेशंटचं सगळं एका जागी असं कुठेच नाही, आज ताप, तीन महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या वहीत खोकला घेऊन, आणि मध्ये शेकडो दुसरी माणसं. ती खतावणी करायची असं ठरवलं.

आधी काम साधं. पावसाळ्यात वह्या उघडायच्याच नाहीत, आपल्याकडच्या दमटीत पानं एकमेकांना चिकटतात आणि ओढली की शाई निघून येते, म्हणून दिवाळीनंतर सुरुवात केली. प्रत्येक वहीला पेन्सिलने नंबर, प्रत्येक पानाला नंबर, मोबाईलवर फोटो. मग शीटमध्ये कॉलम: तारीख, वही-पान, बाबांनी लिहिलंय तसंच्या तसं, मला काय वाचता आलं, आणि खात्री किती. तसंच्या तसं लिहिलेल्या कॉलमला पुन्हा हात लावायचा नाही हा नियम. माझं वाचन नंतर बदलू शकतं, बाबांचं लिहिणं नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते अपूर्णांकांनी. औषधाच्या पुढे ५/७, कुठे २/५२, कुठे ३/१२. बाबांच्या जुन्या कंपाउंडर काकांनी सांगितलं, ही डॉक्टरांची जुनी पद्धत गो, खाली सात म्हणजे दिवस, बावन्न म्हणजे आठवडे, बारा म्हणजे महिने. म्हणजे ५/७ पाच दिवस, २/५२ दोन आठवडे, ३/१२ तीन महिने. बावन्नचा प्रश्न नाही, बावन्नावा महिना कुणाकडे नसतो. पण बाबा तारीखही तशीच लिहायचे, ५/७ म्हणजे पाच जुलै, आणि वर्ष फक्त वहीच्या पहिल्या पानावर. हळूहळू जागेवरून ओळखता यायला लागलं, समासात असेल तर तारीख, औषधाच्या किंवा टेस्टच्या पाठीमागे असेल तर मुदत. जुलैच्या पानावर ओळीच्या शेवटी "एको ३/१२" असेल तर तीन डिसेंबरला एको नव्हे, तीन महिन्यांनी एको.

हे सगळं कशासाठी ते एका पेशंटमुळे नीट समजलं. साधारण माझ्याच वयाची बाई, बाबांकडे लहानपणापासून यायची, लहान असताना घसा, मग सांधे, मग हृदयाची झडप गळायला लागली, म्हणजे रुमॅटिक हार्ट. अशा पेशंटला घशाचा जंतू परत होऊ नये म्हणून बेंझाथीन पेनिसिलीनचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी, वर्षानुवर्षं, कुल्ल्यात खोल, आणि भयंकर दुखणारं. झडप खराब झालेली असेल तर किमान दहा वर्षं नाहीतर चाळिशीपर्यंत, यातलं जे जास्त ते, असा सर्वसाधारण नियम आहे. आता तिचे हार्टचे डॉक्टर विचारत होते, किती वर्षं घेतलंत, मध्ये खंड पडला का? बंद करायचं की चालू ठेवायचं हे ठरवताना हे लागतंच. तिला आठवत होतं फक्त "खूप वर्षं".

वह्यांमध्ये ते इंजेक्शन "बी.पी. १२" असं आहे. आधी मी ब्लड प्रेशर समजून शोधत बसणार होते पण बारा बीपी असलेला माणूस चालत दवाखान्यात येणार नाही ना. बारा म्हणजे बारा लाख युनिट. आणि तिच्या सुरुवातीच्या नोंदींत बारा नाहीच, "बी.पी. ६" आहे, कारण वजन सत्तावीस किलोच्या आत असलेल्या मुलाला अर्धा डोस देतात. सहाचा बारा झाला तिथे बाजूला वजन पण लिहिलंय.

आणि एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, त्यामुळे वार बदलत नाही. डिचोलीचा बाजार बुधवारी, तिची आई गावातून बाजाराला यायची तेव्हाच हिला घेऊन. म्हणजे मला सगळ्या वह्या चाळायच्या नव्हत्या, फक्त बुधवार, तेही तिसरा तिसरा. एखादा बुधवार चुकला की पुढच्या बुधवारी सापडायची आणि मोजणी तिथून परत.

एका वहीचं कव्हर आणि पहिलं पानच गेलेलं, वर्ष माहीत नाही. त्यात ५/७ ला तिचं इंजेक्शन, म्हणजे तो बुधवार धरला तर १९८९, १९९५, २०००, २००६ यातलं काहीही. पुढे २९/८ च्या पानावर बाबांनी लिहिलेलं "चवथ, बंद". गणेश चतुर्थी एकोणतीस ऑगस्टला आली ती या चारांपैकी फक्त १९९५ मध्ये. वही लागली जागेवर, आणि तिचं पुढचं इंजेक्शन सव्वीस जुलै, मग सोळा ऑगस्ट, मग सहा सप्टेंबर, तंतोतंत.

मग १९९७ मध्ये ती गायबच. नाव संपलं. लग्न झालं असणार, आणि आपल्याकडे आडनावच नाही, काही घरांत पहिलं नावही बदलतात. बाबांना माहीत होतं म्हणून त्यांनी काही लिहिलंच नाही! मी शेवटच्या नोंदीनंतरचा तिसरा बुधवार काढला तर तिथे नवीन बाईचं नाव, वय तेवढंच, बी.पी. १२, आणि तीच झडप लिहिलेली. पण नुसत्या वारावरून जोडायचं नाही, कारण बुधवारी बी.पी. १२ घेणारी दुसरी एक मुलगी पण होती, तिची झडप वेगळी. म्हणून शीटमध्ये "बहुतेक तीच" लिहून ठेवलं आणि तिला विचारून मगच पक्कं केलं.

एका वर्षाची वही वाळवीने खाल्ली होती. तिथे काय लिहायचं यावर मी बराच विचार केला. रिकामं सोडलं तर डॉक्टर म्हणणार खंड पडला, आणि तसं वाचलं गेलं तर कदाचित उपचार बदलतील. म्हणून दोन वेगळे शेरे केले, "नोंद नाही" म्हणजे वही आहे पण त्या बुधवारी ती दिसत नाही, आणि "वही नाही" म्हणजे आपल्याकडे उत्तरच नाही. सबंध रेकॉर्डमध्ये ही दोन खाती कधी मिसळायची नाहीत.

पानांची झेरॉक्स मात्र दिली नाही, एकेका पानावर गावातली आणखी दहा माणसं असतात, त्यांचे आजार तिने का वाचायचे. तिच्याच ओळी वही-पान नंबरासकट टाईप करून, वर माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं घालून प्रिंट काढली. तिने बसून वाचली आणि वाळवीच्या वर्षावर बोट ठेवलं, "बाय, ह्या वर्साक मी सगळीं घेतिल्लीं, धाकटो पोटांत आसलो." गरोदरपणात हे इंजेक्शन चालतं, बाबांनी बंद केलं असण्याचं कारण नाही. तरी "वही नाही" पुसलं नाही, त्याच्यापुढे "पेशंटच्या सांगण्यावरून: चालू होतं" एवढं जोडलं, तिची सही घेतली आणि प्रिंट परत काढून दिली.